मायनॉरिटी अटॅक (बुद्धिबळ)

पटाच्या एका बाजूला आपली प्यादी प्रतिस्पर्ध्यापेक्षा कमी असताना तीच पुढे ढकलून त्याच्या प्याद्यांची साखळी मोडायची, या योजनेला मायनॉरिटी अटॅक म्हणतात. ती बहुतेक वेळा वजिराच्या बाजूला, दोन प्याद्यांनी तिघांवर चाल करून खेळली जाते. यातून नवे वजीर करायचे नसतात. आपले एक प्यादे बदलून द्यायचे आणि मागे उरलेल्या प्याद्यांपैकी एकाला कायमचे आधारहीन करायचे, एवढाच हेतू असतो. साखळीत हातात हात घालून उभी असलेली तीन प्यादी सहसा एकमेकांना सांभाळतात. त्यातले एक गेले की उरलेल्यांपैकी एखाद्याला शेजारच्या प्याद्याचा आधार उरत नाही आणि त्याच्या राखणीला मोठे मोहरे बांधून ठेवावे लागतात.

या योजनेचे खरे घर म्हणजे क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइन्डमधील एक्स्चेंज प्रकार. पांढरा सी-प्यादे देऊन डी५ वर मारामारी करतो, काळा ई-प्याद्याने परत मारतो आणि पुढे सी६ खेळून डी५ ला टेकू देतो. आता वजिराच्या बाजूला पांढऱ्याकडे ए आणि बी अशी दोन प्यादी, काळ्याकडे ए७, बी७ आणि सी६ अशी तीन. पांढऱ्याला सी-पट्टी अर्धी खुली मिळते, काळ्याला ई-पट्टी. १९२३ च्या कार्ल्सबाड स्पर्धेवरून या रचनेला कार्ल्सबाड रचना म्हणतात. पांढऱ्याचा बेत साधा आहे: हत्ती बी१ वर आणायचा, प्यादे बी४ आणि मग बी५ वर न्यायचे.

पांढऱ्याने बी५ खेळल्यावर काळ्यापुढे तीन वाटा असतात आणि तिन्हींत काहीतरी गमवावे लागते. त्याने पांढऱ्याला सी६ वर मारू दिले आणि बी-प्याद्याने परत मारले, तर सी६ चे प्यादे मागे पडते. त्याला आधार देणारे प्यादे उरत नाही आणि ते नेमके पांढऱ्याच्या अर्ध्या खुल्या पट्टीवर येते. त्याने स्वतःच बी५ वर मारले, तर डी५ एकटे पडते आणि बी७ वर बी-पट्टीतून दबाव येतो. सी५ ढकलले, तर पांढरा तिथे मारतो आणि पुन्हा डी५ एकटेच राहते. पहिली वाट सर्वाधिक दिसते, म्हणून पुढचे उदाहरण तिचेच घेतले आहे.

१९५० च्या डुब्रोव्निक ऑलिंपियाडमध्ये अमेरिकेचा लॅरी इव्हान्स ओप्साल याच्याविरुद्ध पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळला. डावाची सुरुवात अशी:

```
1. d4 Nf6 2. c4 e6 3. Nc3 d5 4. cxd5 exd5
5. Bg5 Be7 6. e3 O-O 7. Bd3 c6 8. Qc2 Nbd7
9. Nf3 Re8 10. O-O Nf8 11. Rab1 Ng6
12. b4 Bd6 13. b5 Bd7 14. bxc6 Bxc6
15. Qb3 Be7 16. Bxf6 Bxf6 17. Bb5 Qd6
18. Rfc1 h5 19. Ne2 h4 20. Bxc6 bxc6
21. Qa4 Ne7 22. Rb7
```

चौदाव्या चालीत काळ्याने सी६ वर प्याद्याऐवजी उंटाने मारले. बी७ चे प्यादे जागेवर राहील आणि सी६ वर दुबळे प्यादे येणारच नाही, असा त्याचा हिशेब दिसतो. इव्हान्सने तो उंटच हटवायचे ठरवले. पंधराव्या चालीतला वजीर बी७ आणि डी५ दोन्हींवर नजर ठेवतो. सतराव्या चालीत उंट बी५ वर येऊन सी६ च्या उंटाला भिडतो. खरी गंमत एकोणिसाव्या चालीत आहे. घोडा सी३ वरून ई२ वर सरकतो, दिसायला मागे जातो, पण त्यामुळे सी१ च्या हत्तीसाठी सी-पट्टी मोकळी होते. आता सी६ वर मारामारी झाली की काळ्याला वजिराने परत मारता येत नाही, कारण सी१ चा हत्ती वजीर घेईल. मारायचे ते बी-प्याद्यानेच. जे दुबळे प्यादे काळा टाळत होता, ते वीस चालींत सी६ वर येऊन बसले. पाठोपाठ वजीर ए४ वर जाऊन सी६ आणि ए७ दोन्ही धरतो आणि हत्ती बी७ वर घुसतो. डाव पुढे बराच लांबला, पण इव्हान्सने तो जिंकला.

या डावात पांढऱ्याला ए-प्यादे हलवावेच लागले नाही, कारण काळ्याने बी५ रोखण्यासाठी ए६ किंवा ए५ खेळलेच नाही. काळा ए५ खेळला तर पांढरा आधी ए३ खेळतो, मग बी४. तिथे ए-प्याद्यांची अदलाबदल होते आणि ए-पट्टी खुली होते. ए६ खेळल्यास बी५ साठी आधी ए४ चा आधार लागतो. एखाद-दोन चाली जास्त जातात, बेत तोच राहतो.

काळ्याचा सर्वात चांगला बचाव बी४ ला बी५ ने उत्तर देण्याचा आहे. वरवर तो आत्मघातकी वाटतो, कारण सी६ लगेच मागे पडते. पण काळ्याचा घोडा बी६ किंवा डी६ वरून सी४ वर पोचला, तर सी-पट्टी बंद होते आणि सी६ वर हल्ला करायला रस्ताच राहत नाही. म्हणून बी४ खेळण्याआधी पांढऱ्याने एकच गोष्ट पाहावी: काळ्याचा घोडा सी४ पर्यंत किती चालींत येतो? तो जवळ असेल, तर थांबणे शहाणपणाचे. तो लांब असेल, तर काळ्याच्या बी५ नंतर पांढऱ्याला ए४ खेळून साखळी पुन्हा फोडता येते. पांढऱ्या घरांतल्या उंटांची अदलाबदलही काळ्याच्या फायद्याची असते, कारण सी४ आणि बी५ या घरांवरचा पांढऱ्याचा पहारा तिने सैल होतो. उंट डी३ वर आणि वजीर सी२ वर ठेवून पांढरा एफ५ वर उंट आणण्याचा काळ्याचा बेत अडवतो, तो याचसाठी.

दुसरी मर्यादा वेळेची आहे. वजिराच्या बाजूला पांढरा प्यादी सरकवत असताना काळा ई४ वर घोडा बसवून आणि हत्ती ई६ मार्गे जी६ किंवा एच६ वर नेऊन राजावर चालून येतो. सी६ चे दुबळे प्यादे जिंकायला वीस-पंचवीस चाली लागू शकतात. राजावरचा हल्ला तेवढी वाट पाहत नाही. शिवाय एकटे दुबळे प्यादे बहुधा सांभाळता येते. दुसरीकडे आणखी एक दुबळी जागा निर्माण झाली की बचाव करणाऱ्याची मोहरी दोन्हीकडे पुरत नाहीत. त्यामुळे जाणते खेळाडू सी६ वर दबाव ठेवून राजाच्या बाजूला दुसरा मोर्चा उघडतात.

रंग उलटे करूनही हेच घडते. कॅरो-कानच्या एक्स्चेंज प्रकारात वजिराच्या बाजूला ए आणि बी ही दोनच प्यादी काळ्याकडे असतात आणि सी३ चे प्यादे पांढऱ्याचे असते. तिथे बी५-बी४ काळा खेळतो.

या योजनेचा धाकही कामाला येतो. १९५२ च्या सोव्हिएत अजिंक्यपद स्पर्धेत केरेसविरुद्ध बोत्विनिकने घोडा एफ३ ऐवजी ई२ वर ठेवला आणि हत्ती बी१ वर आणला. बी४ येणार असे वाटत असतानाच तो एफ३ खेळला आणि ई४ ढकलून मध्यावर चालून गेला. बी-प्यादे मुख्य हल्ल्यात उतरलेच नाही, तरी डाव पांढऱ्याचाच झाला.