साठ दिवस कुठून मोजायचे?

संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेसाठी मुंबईहून सोलापूरला येणारे नोव्हेंबर उजाडला की विचारू लागतात, ‘सिद्धेश्वर एक्स्प्रेसचं बुकिंग कधी उघडतंय?’ थोरल्या माणसांच्या डोक्यात अजून ‘चार महिने आधी’ असतं. त्यात त्यांची चूक नाही, कारण रेल्वेने आगाऊ बुकिंगची ही मुदत बऱ्याचदा बदलली आहे.

मार्च 2012 मध्ये ती 90 वरून 120 दिवसांवर गेली. मे 2013 मध्ये दलालांना आळा बसावा म्हणून एकदम 60 केली. एप्रिल 2015 पासून पुन्हा 120 झाली आणि साडेनऊ वर्षं टिकली, म्हणून तीच अंगवळणी पडली. 1 नोव्हेंबर 2024 पासून परत 60. या वेळचं कारण रेल्वेनेच सांगितलं: 61 ते 120 दिवस आधी काढलेल्या तिकिटांपैकी सुमारे 21 टक्के रद्द होत, आणि चार-पाच टक्के लोक तिकीट रद्दही न करता गाडीला येतच नसत. 31 ऑक्टोबरपर्यंत काढलेली जुनी तिकिटं मात्र तशीच चालली.

आता हिशेब. प्रवासाचा दिवस धरायचा नाही, त्याच्या आधीचे 60 दिवस मोजायचे. 12 जानेवारीच्या रात्री मुंबईहून सिद्धेश्वर एक्स्प्रेसने निघायचं असेल, तर 30 दिवस मागे 13 डिसेंबर, आणखी 30 मागे 13 नोव्हेंबर. त्या दिवशी सकाळी 8 वाजता बुकिंग उघडतं. ‘दोन महिने आधी’ म्हणून 12 तारखेलाच खिडकीवर गेलात, तर हात हलवत परत याल. डिसेंबरचा एकतिसावा दिवस असा आडवा येतो.

खरी गोम मात्र मधल्या स्टेशनात आहे. हे दिवस तुम्ही चढता त्या तारखेपासून नाही, गाडी मूळ स्टेशनावरून सुटते त्या तारखेपासून मोजतात. सिद्धेश्वर सोलापूरहूनच सुटते, त्यामुळे परतीलाही घोळ नाही. पण जत्रा आटोपून 17 जानेवारीला पहाटे कर्नाटक एक्स्प्रेसने दिल्लीला जायचं म्हणा. ती गाडी बेंगळुरूहून आदल्या संध्याकाळी, म्हणजे 16 तारखेला, सुटलेली असते. 16 जानेवारीच्या 60 दिवस आधी येतो 17 नोव्हेंबर. आपण 17 जानेवारीपासून मोजून 18 नोव्हेंबरच्या सकाळी बसलो, तर बुकिंग उघडून चोवीस तास उलटलेले असतात, आणि गर्दीच्या दिवसांत तेवढ्यात वेटिंग लागलेलं असतं. अर्जावर तारीख मात्र सोलापूरला चढण्याचीच, 17 जानेवारीची, लिहायची.

म्हणून आमच्या घरी कॅलेंडरवर खूण करण्याआधी वेळापत्रक काढतात आणि गाडी सोलापूरला कितव्या दिवशी पोहोचते ते बघतात. दुसरा दिवस असेल तर एक दिवस आधी, तिसरा असेल तर दोन. ताजसारख्या दिवसा धावणाऱ्या काही गाड्यांची मुदत याहून कमी आहे आणि परदेशी पर्यटकांना 365 दिवस मिळतात, पण गड्ड्याला येणाऱ्यांचा त्याच्याशी फारसा संबंध येत नाही.