नायट्रोजन भरायचा की साधी हवा? गाडी आणणाऱ्यांसाठी थोडी माहिती

आमच्याकडे नायट्रोजन मिळतो, पाचही टायर नव्याने भरायचे तर टायरमागे ५० प्रमाणे २५० रुपये होतात. तरी भरायच्या आधी हे वाचा, कारण मायलेज वाढेल या आशेने भरणार असाल तर पैसे वसूल होणार नाहीत.

साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. उरलेला मुख्यतः ऑक्सिजन, तो रबरातून जरा लवकर झिरपतो, म्हणून नायट्रोजनची हवा हळू उतरते हे खरं आहे. पण किती हळू? अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स मासिकाने टायर ३० पीएसआयला भरून वर्षभर नुसते ठेवून दिले होते, साध्या हवेचे सरासरी साडेतीन पीएसआयने उतरले आणि नायट्रोजनचे २.२ ने, म्हणजे वर्षात फरक १.३ चा. चारही टायरमध्ये एक पीएसआय कमी झाला की मायलेज साधारण ०.२ टक्के घटतं. तुम्ही वर्षाला ६० हजारांचं पेट्रोल टाकत असाल तर वाचले फार तर दीडशे रुपये, तेही वर्षभर एकदाही हवा चेक केली नाही तरच. महिन्याला चेक करणाऱ्याला यातलं काहीच वाचत नाही, प्रेशर सारखं असेल तर गाडी दोन्हीवर सारखीच पळते.

नायट्रोजनने टायर गरम झाल्यावर प्रेशर वाढत नाही असं बरेच जण सांगतात, ते चुकीचं आहे. सकाळी थंड टायरमध्ये ३३ असेल आणि दुपारी ठाण्याहून दादरपर्यंत येईस्तोवर टायर वीसेक डिग्रीने तापला तर काटा ३६ च्या पुढे जातो, आत काहीही असो. तेव्हा हवा काढू नका हो, रात्री टायर थंड झाला की ती कमी पडते. चेक नेहमी गाडी काही तास उभी असताना करायचं, आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो.

भरायचाच असेल तर समोर उभं राहून बघा. आधी व्हॉल्वची पिन काढून सगळी हवा सोडली पाहिजे, एकदा भरून परत सोडून पुन्हा भरला तर अजून चांगलं. आहे त्या हवेवर नुसता वरून मारला आणि हिरवी कॅप लावली, तर तुम्ही फक्त कॅपचे पैसे दिलेत. नंतर कुठे कमी पडला आणि नायट्रोजन मिळाला नाही तर पंपावरची फुकटची साधी हवा बिनधास्त टाका, मिसळल्याने टायरला काही होत नाही.

आणि एकच टायर आठवड्यात तीन-चार पीएसआयने उतरत असेल तर तिथे नायट्रोजन कामाचा नाही. खिळा, ढिली पिन नाहीतर पावसाळ्यात खड्ड्यात आपटून वाकलेली रिम, यातलंच काहीतरी असतं. साबणाचं पाणी व्हॉल्ववर आणि रिमच्या कडेने लावा, बुडबुडे येतील तिथे लीक. सापडलं नाही तर गाडी आणा, टायर पाण्यात बुडवून बघतो.