पाऊण आणि पावणे : एकच वाटतं, पण हिशोबात पैसे जातात

सव्वा, दीड, अडीच यावर मी वेळ घालवत नाही. सव्वा म्हणजे १.२५, दीड १.५, अडीच २.५, आणि साडे लागतं ते तिनापासून पुढे. "साडेदोन" ऐकलं की माझं डोकं फिरतं, पण निदान समोरच्याला काय म्हणायचंय ते कळतं तरी.

खरा घोळ होतो तो पाऊण आणि पावणेचा. दोन्हीचं मूळ एकच, संस्कृतातलं पादोन म्हणजे पाव कमी. पण पाऊण ही स्वतःच एक संख्या आहे, ०.७५. पावणे एकटं उभं राहत नाही, त्याला पुढे आकडा लागतो आणि त्या आकड्यातून ते फक्त पाव वजा करतं. म्हणून घड्याळात १२:४५ ला पाऊण वाजतो, पावणेएक नाही, आणि १:४५ ला पावणेदोन. घड्याळात कोणी चुकत नाही, वजनकाट्यावर मात्र चुकतात.

परवाचंच उदाहरण. पेढे ४८० रुपये किलो, मी पावणेदोन किलो मागितले. काउंटरवरच्या पोराने दोन किलोचे ९६० केले, त्यातून चौथा हिस्सा २४० काढला आणि ७२० सांगितले. म्हणजे पाव कमी करायचं हे त्याला माहीत होतं, पण कशाचा पाव ते नाही. पाव हा एका किलोचा, १२० रुपयांचा. ९६० वजा १२०, झाले ८४०. त्याने केलं ते दोनाची पाऊणपट, आणि ती येते दीड. ७२० ही दीड किलोचीच किंमत आहे, ४८० आणि २४०, बघा जुळवून. मीच सांगितलं म्हणून, नाहीतर दुकानाचे १२० गेले असते.

जुन्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी असे अपूर्णांकांचे पाढेच असायचे, औटकी पण, ती साडेतीनची. पाऊणकीत दोनाला दीडच येतं. पाठ करून घ्या असं मी म्हणत नाही, तोंडी हिशोबाला एवढं पुरतं: पावणे ऐकलं की पुढच्या आकड्याची पूर्ण किंमत काढायची आणि त्यातून एका नगाचा पाव वजा करायचा. सव्वातीन असेल तर तिनाची काढून एकाचा पाव मिळवायचा.

शे, हजार, लाख आले की तेच "एक किलो"च्या जागी बसतात. पावणेदोनशे म्हणजे दोनशेतून शंभराचा पाव वजा, १७५. पाव दोनशेचा धरलात तर १५० येतात, आणि ते झाले दीडशे. पाऊणशे मात्र सरळ ७५. पावणेदोन लाखाला तर हीच चूक २५ हजारांना पडते, त्यामुळे फोनवर भाव ठरवताना मी सरळ "एक लाख पंचाहत्तर हजार" असं म्हणवून घेतो, समोरचा वैतागला तरी चालेल.