नीरा खोऱ्यातील मचूळ विहिरी आणि गोठ्याचे पाणी: पार्श्वभूमी

पुणे जिल्ह्यातील बारामती आणि इंदापूर भागात जनावरांना मचूळ पाणी पाजावे लागते, त्याचे मूळ 1885 च्या सुमारास सुरू झालेल्या नीरा डाव्या कालव्यात आहे. खोल काळ्या जमिनीत उसाला भरमसाट पाणी दिले गेले आणि पाटांमधूनही झिरपत राहिले, त्यामुळे भूजल वर आले. पुढे पाणी बाष्प होऊन उडाले तरी क्षार मागेच राहिले. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच या क्षारपड जमिनींचा अभ्यास केला होता. मात्र तेव्हा काळजी पिकाची होती. सखल भागातील त्याच विहिरींचे पाणी गोठ्यातील हौदातही पडते, याकडे फारसे लक्ष गेले नाही.

खिलार गाय साधारण 35 लिटर पाण्यावर भागवत असे, तोवर हे निभावले. 1967 मध्ये उरुळी कांचन येथे बायफ या पशुविकास संस्थेची स्थापना झाली, त्यानंतर संकरित गाय घरोघरी आली, आणि दिवसाला पंधरा लिटर दूध देणारी अशी गाय उन्हाळ्यात 80 लिटरपर्यंत पाणी पिते. दुभत्या म्हशीलाही जवळपास तेवढेच लागते, शेळी-मेंढीला मात्र पाच ते आठ लिटर पुरतात आणि कोंबडीला पाव लिटर.

एका विहिरीचा हिशोब मांडून पाहू. पाण्याची विद्युतवाहकता, म्हणजे ईसी, 5 डेसीसीमेन्स प्रति मीटर आली, तर तिला 640 ने गुणून दर लिटरमागे सुमारे 3200 मिलिग्रॅम क्षार धरावेत. खिलार गाईच्या पोटात त्यातून रोज 112 ग्रॅम जात, तर संकरित गाईच्या 256 ग्रॅम जातात. म्हणजे पाणी तेच असले तरी भार दुपटीहून अधिक होतो. अमेरिकेतील राष्ट्रीय संशोधन परिषदेने 1974 मध्ये मांडलेल्या मर्यादांनुसार 1000 मिलिग्रॅमपर्यंतचे पाणी निर्धोक असते आणि 3000 च्या पुढचे पाणी जनावर सुरुवातीला नाकारू शकते, पातळही हगते. कोंबड्यांना असे पाणी देऊच नये. गाय हौदाशी येऊन नुसतेच तोंड लावून मागे सरू लागली आणि दूध घटले, तर पाणी तपासावे, कारण कमी पाणी पिणारी गाय चाराही कमी खाते.

कालव्याचे पाणी 0.5 ईसीचे असेल, तर निम्मे-निम्मे मिसळल्यावर प्रमाण 1760 मिलिग्रॅमवर येते. मचूळ पाणी पाजावे लागते त्या काळात पेंडीतले मीठही कमी करावे, पण किती, हे पाण्यातील क्षारांचा प्रकार पाहूनच ठरवावे. सल्फेट जास्त असेल तर मीठ कमी करून उपयोग होत नाही.

ईसी मीटरवर दिसत नाही असा धोका नायट्रेटचा. उसाला घातलेल्या युरियातून ते विहिरीत उतरते, गाईच्या पोटात त्याचे नायट्राइट होते आणि रक्त चॉकलेटी पडते. म्हणून क्षारांबरोबर नायट्रेटची चाचणीही मागावी, आणि नमुना कालव्याचे आवर्तन सुटण्यापूर्वी, भर उन्हाळ्यात घ्यावा.