कन्नड पाटी फोटोवरून वाचताना

बेळगाव ओलांडून पुढे गेलं की पाट्यांवरची अक्षरं गोलसर होतात. मराठी वाचकाला ती परकी वाटतात, पण त्यामागची वर्णमाला आपलीच आहे: तोच क-ख-ग-घ, तेच काना-वेलांटीचे हिशेब. देवनागरी आणि कन्नड या दोन्ही लिप्या ब्राह्मीतून आल्या. श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी दोन्ही जवळजवळ दिसतात: नागरीत ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’ आणि कन्नड लिपीत त्याच अर्थाची ‘माडिसिदं’ची ओळ. म्हणून पाटी वाचताना खरी अडचण नव्या उच्चारांची नसते. खुणा कुठे सरकल्या आहेत, हे कळलं की बरंच काम होतं.

पहिला प्रश्न असतो तो पाटी कन्नड आहे की तेलुगू, हा. कदंब राजांच्या काळापासून कित्येक शतकं या दोन भाषांची लिपी जवळपास एकच होती. ती हळूहळू वेगळी झाली, आणि एकोणिसाव्या शतकात छापखान्यांच्या खिळ्यांनी तो फरक पक्का केला. फोटोत अक्षराचा माथा पाहावा. आपल्या शिरोरेखेच्या जागी कन्नडमध्ये बहुतेक अक्षरांना सुटी आडवी रेघ असते आणि तिचं उजवं टोक वळलेलं असतं (ಕ). तेलुगूत त्या जागी बरोबरच्या खुणेसारखा तिरका फटका असतो (క). कन्नडमध्ये या खुणेला ‘तलेकट्टु’ म्हणतात.

फोटोत सर्वांत आधी नाहीशी होते ती हीच खूण, कारण उन्हाची चमक बहुतेक वेळा पाटीच्या वरच्या काठावर पडते. तलेकट्टु पुसट झाला की ರ (र) नुसतं वर्तुळ उरतं, आणि कन्नडमध्ये नुसतं वर्तुळ म्हणजे अनुस्वार. तो आपल्यासारखा डोक्यावर टिंब होऊन बसत नाही, अक्षराच्या उजवीकडे पूर्ण जागा घेतो: ಅಂಗಡಿ, म्हणजे अंगडि, दुकान. ದ, ಥ, ಧ (द, थ, ध) यांचंही असंच आहे. सांगाडा एकच, थच्या पोटात टिंब, धच्या तळाशी बारीक रेघ. फोटो धूसर असेल तर तिन्ही ‘द’च दिसतात, अशा वेळी शब्द ओळखूनच अक्षर ठरवावं लागतं.

आता एक पाटी नीट वाचू: ಹುಬ್ಬಳ್ಳಿ. 1 नोव्हेंबर 2014 रोजी हुबळीचं अधिकृत नाव ‘हुब्बळ्ळि’ झालं, पण कन्नड पाटीवर आधीपासून हेच असतं. पहिलं अक्षर ह, त्याला उकार: हु. दुसरं ब, आणि त्याच्या खाली लहान ब. जोडाक्षरातलं दुसरं व्यंजन असं खाली लटकतं, त्याला ‘ओत्तक्षर’ म्हणतात. तिसऱ्या अक्षरात मराठी वाचक हमखास अडखळतो. वर ळ आहे, त्यालाच वेलांटी जोडलेली आहे, आणि खाली दुसरा ळ. डोळा वरचं ‘ळि’ आधी वाचतो आणि ‘ळिळ’ असं काहीतरी हाती येतं. क्रम असा घ्यायचा: वरचं व्यंजन, मग खालचं, आणि स्वर सर्वांत शेवटी. म्हणजे ळ्ळि. म्हणूनच फोटो काढताना किंवा कापताना अक्षरांखाली थोडी जागा सोडावी, नाहीतर ओत्तक्षर तुटून हुब्बळ्ळीची ‘हुबळि’ होते.

रफाराची गोष्ट याच्या उलटी. आपण तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर देतो. कन्नडमध्ये तो त्या अक्षराच्या उजवीकडे, कन्नड नऊच्या अंकासारख्या खुणेने लिहितात. ಕರ್ನಾಟಕ या शब्दात डोळ्याला क, ना, मग ती खूण, ट, क असं दिसतं. ती खूण ‘ना’च्या आधी वाचली की कर्नाटक होतं.

वाचलेलं तपासायला संगणकाचा उपयोग होतो, आणि त्यामागेही इतिहास आहे. 1988 च्या इस्की या भारतीय संकेतप्रणालीने ब्राह्मीतून आलेल्या भारतीय लिप्यांना एकच मांडणी दिली आणि युनिकोडने ती उचलली. त्यामुळे देवनागरी अक्षराच्या क्रमांकात `0x380` मिळवले की तेच कन्नड अक्षर येतं. पायथन या संगणकभाषेत ते असं:

```
"".join(chr(ord(c)+0x380) for c in "हुब्बळ्ळि")
```

उत्तर ಹುಬ್ಬಳ್ಳಿ येतं. ते फोटोतल्या पाटीशी ताडून पाहावं आणि नकाशावर शोधावं. मात्र कन्नडमध्ये ए आणि ओ ऱ्हस्व-दीर्घ दोन्ही असतात, आणि मराठी लेखनात तो भेद नाही. बेंगळुरूच्या चिक्कपेटेत ‘पे’ दीर्घ आहे आणि ‘टे’ ऱ्हस्व. आपल्या सवयीने ‘पेटे’ टंकलं तर ಪೇಟೇ मिळतं, पाटीवर मात्र ಪೇಟೆ असतं. तिथे ‘पेटॆ’ असं ऱ्हस्व मात्रेने लिहावं लागतं.