हिरवी खूण आणि ‘असू शकतात’

ग्रामर चेकरला आपलं वाक्य कळतं आणि म्हणूनच तो ते सुधारतो, असा बऱ्याच जणांचा समज आहे. मलाही बरेच दिवस तसंच वाटायचं. मग एकदा त्याने माझ्या ईमेलमधली शंका बदलून तिथे ठाम विधान करून टाकलं, आणि मी न तपासताच ‘सेंड’ दाबलं.

या सूचना मुख्यतः इंग्रजी लिहिताना मिळतात, पण गंमत मराठीतच नीट दिसेल. समजा, हा ईमेल आहे:

“मॅडम, अहवाल जोडला आहे. दोन नोंदी चुकीच्या असू शकतात. तिसऱ्या तक्त्यातले आकडे तपासले गेलेले नाहीत. शक्य झाल्यास शुक्रवार पर्यंत कळवाल का?”

चेकर चार सूचना देतो: ‘शुक्रवारपर्यंत’ जोडून लिहा, ‘असू शकतात’ऐवजी ठामपणे ‘आहेत’ म्हणा, ‘तपासले गेलेले नाहीत’ऐवजी ‘मी तपासलेले नाहीत’ लिहा, आणि शेवटचं वाक्य आटोपशीर करा, ‘शुक्रवारपर्यंत कळवा’.

या सूचना येतात कुठून? जुना मार्ग नियमांचा. १९७० च्या दशकाच्या अखेरीस बेल लॅब्समध्ये ‘रायटर्स वर्कबेंच’ नावाचा संच तयार झाला. त्यातला एक प्रोग्राम वाक्यांची लांबी आणि कर्ता मागे ढकलणाऱ्या क्रियापदांचं प्रमाण मोजायचा, तर दुसरा पाल्हाळिक शब्दप्रयोगांच्या यादीशी मजकूर ताडून पाहायचा. नवा मार्ग संभाव्यतेचा. चुकलेली आणि दुरुस्त केलेली वाक्यं जोडीजोडीने वाचून प्रणाली शिकते, की अमुक लिहिलेलं दिसलं तर लोकांनी त्याचं बहुधा तमुक केलेलं असतं. दोन्हींत एक गोष्ट समान आहे. चेकरसमोर असतात ती फक्त अक्षरं. तुमचा तक्ता, तुमच्या मॅडम आणि तुमची शंका त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत.

म्हणून मी तर्कशास्त्रातली एक युक्ती वापरतो. जुनं आणि नवं वाक्य शेजारी ठेवायचं आणि विचारायचं: एक खरं आणि दुसरं खोटं ठरेल अशी परिस्थिती कल्पिता येते का? ‘शुक्रवार पर्यंत’ आणि ‘शुक्रवारपर्यंत’ यांना वेगळी पाडणारी परिस्थितीच नाही, कारण शब्दयोगी अव्यय जोडून लिहायचं हा निव्वळ लेखनाचा नियम आहे. सूचना डोळे मिटून घ्यावी.

‘असू शकतात’चं तसं नाही. समजा दोन्ही नोंदी शेवटी बरोबर निघाल्या. तरी ‘चुकीच्या असू शकतात’ हे त्या क्षणीच्या माहितीनुसार प्रामाणिक विधान होतं. ‘चुकीच्या आहेत’ मात्र साफ खोटं ठरतं. परिस्थिती सापडली, सूचना बाद. इथे शंका हाच मजकूर आहे.

तिसऱ्या सूचनेत फसवणूक बारीक आहे. चेकरला कर्ता हवा, म्हणून त्याने ‘मी’ पुरवला. पण तपासायचं काम दुसऱ्या कुणाचं असेल तर? आकडे कुणीच तपासलेले नसतील, तर ‘मी तपासलेले नाहीत’ हेही खरंच आहे. म्हणजे सत्य-असत्याची कसोटी इथे अर्धीच चालते. फरक उरतो तो वाचणाऱ्याच्या अनुमानात: जबाबदारी माझी, किंवा कदाचित दुसऱ्याने तपासले असतील. मी इथे लिहीन, ‘आकडे अजून कुणीच तपासलेले नाहीत’. सूचना नाकारली, पण वाक्यात काहीतरी झाकलेलं आहे हे तिनेच दाखवलं.

चौथं वाक्य ही विनंती आहे, खरं-खोटं असं तिथे नसतंच. कसोटी संपली. आता विचारायचं, की मॅडमना ‘नाही जमणार’ म्हणायची वाट ठेवायची आहे का? असेल तर ‘शक्य झाल्यास’ राहू द्या. नसेल तर ते काढाच, नाहीतर शुक्रवार उलटेल आणि दोष कुणाचाच नसेल. आणि शुक्रवार धरून की शुक्रवारच्या आधी? या दुहेरी अर्थावर एकही रेघ उमटलेली नाही, कारण व्याकरण निर्दोष आहे.

संशोधकांना ही मर्यादा ठाऊक आहे. २०१४ च्या एका प्रसिद्ध सामायिक चाचणीत, वाक्य-दुरुस्ती प्रणालींना गुण देताना, दिलेली दुरुस्ती बरोबर असण्याला सगळ्या चुका पकडण्याच्या दुप्पट महत्त्व दिलं होतं. एखादी चूक सुटली तर चालेल, पण चांगलं वाक्य बिघडवू नये, हा त्यामागचा हिशेब. त्यामुळे स्क्रीनवरच्या गुणांकाला आणि हिरव्या खुणेला अंगारा समजणाऱ्यांचं मला नवल वाटतं. ‘असू शकतात’ कापल्यावरही ती खूण तितकीच हिरवी असते.

एक सावधगिरी. सूचना एकेक करून घ्या, सगळ्या एकदम स्वीकारायचं बटण नको. एक बदल केला की पुढची सूचना नव्या वाक्यावर बेतली जाते. माझा ईमेल असा गेला असता:

“मॅडम, अहवाल जोडला आहे. दोन नोंदी चुकीच्या असू शकतात. तिसऱ्या तक्त्यातले आकडे अजून कुणीच तपासलेले नाहीत. शुक्रवारी दुपारी १२ वाजेपर्यंत कळवाल का?”