ई.टी.ने बाजार बुडवला?

“ई.टी. या एका फसलेल्या गेममुळेच १९८३ साली अमेरिकेतला व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला ना?”

नाही, तो गेम फार तर निमित्त. खरी गोची अशी की अटारी २६०० या गेम कन्सोलला कुलूपच नव्हतं, कोणीही त्यासाठी गेमचं कार्ट्रिज बनवून विकायचं. दुकानं न खपलेल्या मालाने तुंबली, तो मातीमोल भावात निघू लागला आणि पूर्ण किमतीचे चांगले गेमही पडून राहिले.

निन्टेंडोने नेमकं हेच हेरलं. १९८५ च्या एनईएस या त्यांच्या अमेरिकी कन्सोलमध्ये आणि प्रत्येक कार्ट्रिजमध्ये एकेक कुलूप-चिप आली. त्याच्या मूळ जपानी रूपात, म्हणजे फॅमिकॉममध्ये, ती नव्हती. दोन्ही चिपांची जुळणी तुटली की कन्सोल साधारण दर सेकंदाला रीसेट होतो, लाल दिवा लुकलुकतो. पिना सैल झाल्या तर अस्सल कार्ट्रिजलाही हेच होतं. शिवाय बाहेरच्या कंपन्यांना सुरुवातीला वर्षाला पाचच गेम काढता येत.